हात मोकळे राहतील असा गेम

इंग्रजी सुधारायचंय, सबटायटल लावून खेळता येईल असा गेम सांगा, असं कुणी विचारलं की मी आधी उलट एक प्रश्न विचारतो. त्या गेममधली माणसं बोलत असतात तेव्हा तुझे हात काय करत असतात? गेम कुठल्या कंपनीचा, ग्राफिक्स कसे, गोष्ट किती भारी, हे सगळं त्यानंतर. बोलणं चालू असताना तुम्ही गाडी चालवत असाल, नेम धरत असाल किंवा कुणापासून तरी पळत असाल, तर खाली उमटलेली सबटायटलची ओळ डोळ्यांसमोरून जाते आणि मनात काही ठेवून जात नाही.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी इंग्रजी संवाद असलेला पहिला गेम पाहिला तो सायबर कॅफेत, तासाला पैसे मोजून. तो बहुतेकदा ‘जीटीए व्हाइस सिटी’ असायचा. २००२चा गेम, पण आमच्याकडे तो नंतर कितीतरी वर्षं चालला. त्यातली पात्रं भरपूर बोलतात. तरीही त्या गेमनं आम्हाला दिलेले शब्द मोजकेच, कारण मिशन सुरू होण्याआधीचा प्रसंग आम्ही बटण दाबून पुढे ढकलायचो आणि मिशन सुरू झालं की डोळे रस्त्यावर आणि नकाशावरच्या ठिपक्यावर. आजची पोरं बीजीएमआय खेळतात तेव्हा ‘नॉक झाला’, ‘रिव्हाइव्ह दे’, ‘कव्हर घे’ हे इतक्या सहज म्हणतात की ते शब्द आता मराठीच झालेत. शब्द वारंवार कानावर पडला की पक्का होतो, याचा तो चांगला पुरावा आहे. पण तिथं तेच ते पंचवीस-तीस शब्द फिरत राहतात, आणि सगळे एकाच कामाचे.

हातांचा हा मुद्दा माझ्या मनातला नाही. २०१० साली जोनाथन डीहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजात शिकणाऱ्या ऐंशी जपानी विद्यार्थ्यांच्या त्यांनी जोड्या लावल्या. जोडीतल्या दोघांचं इंग्रजी आणि दोघांचा खेळातला हात साधारण सारखा. एकानं इंग्रजी गाण्यांचा, तालावर बटणं दाबायचा एक व्हिडिओ गेम खेळायचा आणि दुसऱ्यानं तोच खेळ त्याच वेळी नुसता पडद्यावर बघायचा. नंतर दोघांना गेममधल्या शब्दांची परीक्षा दिली. शब्द दोघांच्याही लक्षात राहिले होते, पण खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याच्या स्पष्टपणे जास्त. खेळणाऱ्याचं डोकं बटणांत गुंतलेलं असतं, शब्दांसाठी जागा उरत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा दोघेही बरेच शब्द विसरलेले होते. तिकडे मी नंतर येतो.

तालावर बटणं दाबण्याचा खेळ म्हणजे हात सर्वात जास्त गुंतवणारा प्रकार, हे खरं. त्यावरून सगळ्याच गेमना निकाल लावता येणार नाही. पण त्यातून गेम निवडण्याची एक चांगली कसोटी मिळते. बोलणं चालू असताना ज्यात हात थांबू शकतात, घड्याळ मागे लागत नाही आणि न कळलेली ओळ पुन्हा ऐकायची सोय आहे, तो गेम खेळणाऱ्यालाही बघणाऱ्याच्या जागी बसवतो. आणि घरात एकच कंट्रोलर असेल, भावंडं आळीपाळीनं खेळत असतील, तर ज्याची पाळी नाही त्यानं तोंड पाडून बसू नये. शब्द त्याच्याच पदरात जास्त पडतात.

दुसरी गोष्ट पातळीची. भाषाशिक्षणातले अभ्यासक म्हणतात की मजकुरातले शंभरातले पंचाण्णव शब्द माहीत असतील तर साधारण अर्थ लागतो आणि अठ्ठ्याण्णव माहीत असतील तर निवांत वाचता येतं, उरलेल्या शब्दांचा अर्थ संदर्भावरून काढता येतो. २००९ साली वेब आणि रॉजर्स या दोन अभ्यासकांनी इंग्रजी चित्रपटांतले संवाद मोजले. पंचाण्णव टक्क्यांसाठी सुमारे तीन हजार शब्दकुटुंबं पुरतात, अठ्ठ्याण्णवसाठी सुमारे सहा हजार लागतात, असं त्यांना आढळलं. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. गेममधले बोलके संवादही त्याच जातकुळीचे असतात, म्हणून हा आकडा आपल्याला उपयोगी पडतो.

घरी मोजायची रीत सोपी आहे. गेमच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या लागोपाठच्या दहा सबटायटल ओळी घ्यायच्या. साधारण शंभर शब्द होतात. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानातून घेतलेला गेम खेळत असाल तर F12 दाबलं की पडद्याचा फोटो निघतो, त्यामुळे ओळी मागाहून शांतपणे वाचता येतात. त्यात अजिबात न कळलेले शब्द मोजायचे. दोन-तीन निघाले तर गेम तुमच्यासाठी अगदी बरोबर. पाच निघाले तर जमेल, पण गोष्ट थोडी थांबतथांबत पुढे जाईल. दहा निघाले तर तो गेम पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवावा. ‘डिस्को एलिझियम’ हा २०१९चा गेम माझ्या फार आवडीचा आहे. त्यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत आणि लिखाण फार वरच्या दर्जाचं आहे, पण ज्याच्या दहा ओळींत दहा शब्द अडतात त्याला मी तो कधीच सुचवत नाही. असा माणूस सबटायटल वाचणं सोडून देतो आणि नुसता पुढे पुढे क्लिक करत राहतो.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारा, नवख्यासाठी माझा पहिला गेम म्हणजे ‘लाइफ इज स्ट्रेंज’. डोन्टनॉड या फ्रेंच स्टुडिओनं तो २०१५ साली पाच भागांत आणला. गोष्ट अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावातली. मॅक्स नावाची मुलगी फोटोग्राफी शिकायला तिथल्या एका कॉलेजवजा शाळेत आलीय आणि एके दिवशी तिला कळतं की आपल्याला काळ थोडासा मागे नेता येतो. स्टीमवर या गेमचा पहिला भाग २०१६पासून फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो आणि अँड्रॉइड व आयफोनसाठीही तो निघाला, त्यामुळे ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्यालाही दार उघडं आहे.

काळ मागे नेण्याची ही करामत गोष्टीसाठी घातलेली आहे, पण इंग्रजी शिकणाऱ्याला तिच्यासारखी दुसरी सोय मिळणं कठीण. कुणाशी बोललात, त्यानं काय म्हटलं ते कळलं नाही, तर रिवाइंडचं बटण धरून ठेवायचं. दृश्य उलटं फिरतं, तुम्ही पुन्हा त्याच्यासमोर उभे असता आणि तो तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा बोलतो. समोरच्याला काही आठवत नाही, मॅक्सला मात्र सगळं आठवतं. खऱ्या आयुष्यात ‘पार्डन’ असं दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा म्हणायला जीभ उचलत नाही. इथं समोरचा कधीच कंटाळत नाही.

एवढ्यावर हा गेम थांबत नाही. ऐकलेलं लक्षात ठेवून लगेच वापरायला तो भाग पाडतो. अगदी पहिल्या वर्गातलं दृश्य घ्या. शिक्षक मॅक्सला फोटोग्राफीच्या इतिहासातला एक प्रश्न विचारतात. तिला उत्तर येत नाही. व्हिक्टोरिया नावाची वर्गातली तोऱ्यातली मुलगी लुई दागेर या फ्रेंच चित्रकाराचं नाव आणि त्याच्या पद्धतीची माहिती घडाघडा सांगते. पुढे गोष्टीत असं काही घडतं की मॅक्स काळ उलटवून पुन्हा त्याच वर्गात येते. शिक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतात आणि आता व्हिक्टोरियाच्या तोंडून ऐकलेलं उत्तर मॅक्सला देता येतं. खेळणाऱ्यानं पहिल्यांदा लक्ष दिलं नसेल तर त्याला इथं मान वर करून ऐकावंच लागतं.

याहून चांगलं दृश्य मुलींच्या वसतिगृहातलं आहे. ते मी माझ्या भाचीबरोबर बसून सावकाश खेळलो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. भाची मराठी माध्यमातून शिकलेली. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी २०००मध्ये आलं, त्यामुळे तिची पिढी माझ्यासारखी पाचवीत एबीसीडी गिरवलेली नाही. व्याकरण पक्कं, निबंध चांगला, आता पुण्यात डिप्लोमाला आहे. तरी बोललेलं इंग्रजी तिला पटकन पकडता येत नाही. तिचे शब्द अडतात ते अवघड जागी नाही, अगदी सोप्या जागी. दोन साधे शब्द जोडून तिसराच अर्थ होतो, ‘फिगर आउट’, ‘रन इन्टू’, ‘मेक अप’, तिथं ती थांबते. असे जोडशब्द पाठ्यपुस्तकात तुरळक भेटतात आणि तरुण अमेरिकन मुलांच्या बोलण्यात वाक्यागणिक.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात ज्युलिएट नावाच्या मुलीनं डेना नावाच्या मुलीला खोलीत कोंडलंय. आपल्या मित्राला डेना चोरून मेसेज पाठवते, असा तिचा समज आहे. मॅक्सला डेनाकडून एक पेनड्राइव्ह परत घ्यायचाय, म्हणून ती ज्युलिएटशी बोलायला जाते. तेव्हा ज्युलिएट तिलाच फटकारते की तुला माझ्याशी काही देणंघेणं नाही, माझं आडनाव तरी माहितीय का तुला? पर्याय समोर येतात. आपण जो निवडू तो चुकतो, ज्युलिएट चिडून आपलं खरं आडनाव सांगते आणि पाठ फिरवते. आता काळ मागे न्यायचा, तोच संवाद पुन्हा करायचा आणि ते आडनाव सांगायचं. ज्युलिएट निवळते आणि आपली तक्रार सविस्तर सांगते. खरं काय घडलं याचा पुरावा व्हिक्टोरियाच्या खोलीत ईमेलच्या रूपात सापडतो. तो वाचून, समजून, परत येऊन दाखवला की दार उघडतं.

या छोट्या प्रसंगात काय काय झालं बघा. तोच संवाद किमान दोनदा कानावर पडला, सबटायटलसकट. त्यातला एक शब्द लक्षात ठेवून वापरावा लागला. त्याच भांडणाची हकिगत आधी बोललेल्या इंग्रजीत ऐकली आणि मग लिहिलेल्या इंग्रजीत वाचली. आणि या सगळ्यात कुणी मागे लागलेलं नव्हतं. भाचीनं मध्येच गेम तसाच ठेवून चहा आणला तरी ज्युलिएट व्हरांड्यातच उभी होती. पहिल्या फेरीत तिला ज्युलिएटचा राग कळला होता पण कारण निसटलं होतं. दुसऱ्या फेरीत तिनं कारणही सांगितलं, “मामा, हिला कुणीतरी खोटं सांगून भडकवलंय.” ईमेल वाचायच्या आधी.

शिवाय या गेममध्ये प्रत्येक वस्तूला हात लावून बघता येतं. भिंतीवरचं पोस्टर, कचऱ्याचा डबा, खिडकीतलं रोप, कशाकडेही ‘लूक’ निवडलं की मॅक्स त्याबद्दल एखादं वाक्य स्वतःशी बोलते आणि ते खाली उमटतं. वस्तू डोळ्यांसमोर, नाव कानात आणि अक्षरं खाली, तिन्ही एकदम. पुढे जाण्यासाठीही वस्तूच लागतात. आगीची घंटा वाजवायला हातोडी शोधावी लागते. वसतिगृहाच्या पायऱ्या अडवून बसलेल्या व्हिक्टोरियाला हटवायला बागेतल्या स्प्रिंकलरचं पाणी आणि रंगाची बादली कामाला येते. स्प्रिंकलर दिसल्याबरोबर भाची म्हणाली, “हे तर आपल्या भुईमुगावर असतं ते!” शब्द जुनाच, पण स्पेलिंग तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शेतात तो शब्द कुणी लिहून थोडाच दाखवतं?

या गेमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काळ थोडाच मागे जातो, एका जागेपुरता. चित्रपटासारखे चालणारे काही प्रसंग मध्ये थांबवून परत ऐकता येत नाहीत. मूळ आवृत्तीत पात्रांचे ओठ आवाजाशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे तोंडाकडे बघून उच्चार पकडायची सवय असलेल्याला अडचण होते. त्यातली बोली पंधरा-वीस वर्षांच्या अमेरिकन मुलांची आहे. मॅक्सची मैत्रीण क्लोई जशी बोलते तसं मुलाखतीत बोलून चालणार नाही, हे शिकणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं. आणि गोष्टीत आत्महत्या, अंमली पदार्थ, हिंसा हे विषय येतात. सातवी-आठवीच्या मुलाच्या हातात मी तो देणार नाही. कॉलेजच्या मुलामुलींसाठी आहे.

दुसरा गेम मी सुचवतो तो ‘फायरवॉच’, २०१६चा. १९८९च्या उन्हाळ्यात वायोमिंगच्या शोशोनी जंगलात वणव्यावर नजर ठेवायला आलेला हेन्री आणि दुसऱ्या टेहळणी मनोऱ्यावरची त्याची वरिष्ठ डिलायला. ती दिसत नाही, फक्त वॉकीटॉकीवर ऐकू येते. चार-पाच तासांच्या सगळ्या खेळात जवळजवळ हेच दोन आवाज. नवीन ऐकणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो, कारण दर दहा मिनिटांनी नव्या माणसाच्या उच्चारांशी जुळवून घ्यावं लागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात डिलायलाचा आवाज वॉकीटॉकीच्या खरखरीमुळे जड जातो, सबटायटलशिवाय चालतच नाही. तासाभरानं कान बसतो.

इथं हात चालत असतात, पण चालण्यापुरतेच. जंगलात शत्रू नाही, बंदूक नाही. कुठंही उभं राहून बोलणं ऐकता येतं. वाटेत काही दिसलं, पडलेला बिअरचा डबा, तुटलेली टेलिफोनची तार, तर वॉकीटॉकीचं बटण दाबून डिलायलाला सांगता येतं आणि तिच्याशी त्या वस्तूवरच बोलणं सुरू होतं. तिला काय उत्तर द्यायचं याचे दोन-तीन पर्याय पडद्यावर येतात. ते त्रोटक असतात, चार-पाच शब्दांचे. आपण एक निवडला की हेन्री तेच म्हणणं पूर्ण, घरंगळत्या, बोलक्या वाक्यात बोलतो. मला हा गेम शिकणाऱ्यासाठी मोलाचा वाटतो तो याच्यामुळे. आधी आशय वाचायचा, मनात स्वतःचं वाक्य जुळवायचं आणि मग त्या भाषेत वाढलेला माणूस ते कसं बोलतो ते ऐकायचं. मी भाचीला पर्याय निवडायच्या आधी तिचं वाक्य मोठ्यानं म्हणायला लावायचो. तिचं वाक्य पुस्तकी आणि बरोबर असायचं, हेन्रीचं तिरपं, अर्धवट आणि जिवंत.

अडचण एकच. उत्तराला वेळेचं बंधन आहे. पर्यायांजवळची रेघ सरत जाते आणि वेळेत निवडलं नाही तर गप्प बसणं हेच तुमचं उत्तर ठरतं. वाचायला वेळ लागणाऱ्यानं हे सुरुवातीलाच जाणून घ्यावं. गप्प बसल्यानं गोष्ट अडत नाही, डिलायला पुढे बोलत राहते. पण पर्याय वाचून होण्याआधीच रेघ संपतेय असं वारंवार होऊ लागलं, तर ‘लाइफ इज स्ट्रेंज’चा आणखी एखादा भाग आधी खेळावा. तिथं विचार करायला जवळजवळ सगळीकडे हवा तेवढा वेळ मिळतो.

आता सबटायटलबद्दल. इंग्रजी आवाजावर इंग्रजीच सबटायटल हवं. गेममध्ये मराठी सहसा मिळतच नाही, पण काही ठिकाणी हिंदी मिळतं आणि मोह होतो. २००९ साली मिटरर आणि मॅक्वीन यांनी डच लोकांवर एक प्रयोग केला. अनोळखी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन धाटणीचं इंग्रजी त्यांना ऐकवलं. इंग्रजी सबटायटल पाहणाऱ्यांचा कान त्या उच्चारांना लवकर सरावला, तर डच सबटायटल पाहणाऱ्यांचं ऐकणं उलट बिघडलं. स्वतःच्या भाषेत ओळ मिळाली की कान काम सोडून देतो. दुसरं, गेम मुळात कुठल्या भाषेत लिहिलाय ते बघावं. जपानीतून इंग्रजीत आलेल्या काही गेममध्ये सबटायटल आणि बोललेलं इंग्रजी शब्दाशब्दाला जुळत नाही, अर्थ तोच पण वाक्यं दोन. असा गेम गोष्टीसाठी खेळावा, शब्दांसाठी नको. पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन ओळी बोटानं धरून ऐकल्या की लगेच कळतं.

इंग्रजी सबटायटलमध्येही एक फसगत आहे. वाचण्यात तरबेज असलेला माणूस ओळ उमटल्याबरोबर वाचून संपवतो आणि आवाज मागून नुसता वाहत जातो. आपल्याकडचे पुष्कळ हुशार विद्यार्थी या गटातले, कारण आपलं सगळं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं. ओळखायची खूण अशी की विनोदाला तुम्ही पात्राचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच हसता. किंवा असं की प्रसंगाची गोष्ट तुम्हाला सांगता येते, पण त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं म्हणता येत नाही. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे एक प्रसंग सबटायटल लावून खेळायचा आणि तोच लगेच सबटायटल बंद करून. ‘लाइफ इज स्ट्रेंज’मध्ये त्यासाठी गेम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, काळ मागे न्यायचा आणि मधल्या वेळात सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल घालवायचं. दुसऱ्या वेळी जिथं आवाज गढूळ होतो तिथंच तुमचं खरं अडलेलं असतं. बहुधा तो नवीन शब्द नसतो. माहीत असलेले तीन शब्द गिळून एक केलेले असतात.

आणि ते दोन आठवड्यांनी विसरण्याचं. गेम कितीही चांगला निवडला तरी एकदाच भेटलेला शब्द टिकत नाही. आम्ही वही ठेवली, पण प्रत्येक अनोळखी शब्द तिच्यात लिहिला नाही. तसं केलं की दर मिनिटाला गेम थांबतो आणि दुसऱ्या दिवशी वहीही बंद पडते. एका बैठकीत जो शब्द दुसऱ्यांदा समोर आला तोच लिहायचा, एवढाच नियम. दुसऱ्यांदा आला म्हणजे तो या गोष्टीत पुन्हा येणार आणि बहुधा बाहेरही कामाला येणार. शब्द एकटा लिहायचा नाही, सबटायटलची पूर्ण ओळ लिहायची आणि पुढे कोण कुणाला म्हणालं ते. अर्थ मराठीत, पेन्सिलीनं, कारण पुढच्या प्रसंगात तो बदलावा लागतो. ‘क्लोई मॅक्सला, रागावून’ एवढं लिहिलेलं असलं की हा शब्द कुठल्या घरात चालतो आणि कुठल्या ऑफिसात नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. बैठक संपली की खेळणाऱ्यानं वही मिटून झालेला प्रसंग बघणाऱ्याला इंग्रजीत सांगायचा. बघणाऱ्याला सगळं माहीत असतंच, तो फक्त राहिलेलं जोडतो.

शेतीचे गेमही याच कारणानं काहींना आवडतात, शब्द पुन्हा पुन्हा येतात म्हणून. ‘स्टार्ड्यू व्हॅली’मध्ये नांगरट, पेरणी, पाणी, कापणी रोजची, आणि बोलणं समोर आलं की वेळ थांबतो. पण त्यात बोललेला आवाज नाही, सगळं वाचायचं. आणि पहिलंच पीक पार्सनिपचं! ज्याला फक्त वाचनाची सवय लावायचीय त्याच्यासाठी ठीक.

भाचीचे दोन्ही गेम संपले तेव्हा तिनं पुढचा मागितला आणि मी ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ दिला. लुकस पोप यांचा २०१८चा गेम. गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, ईस्ट इंडिया कंपनीशी जोडलेलं जहाज बेपत्ता होतं आणि काही वर्षांनी रिकामं परत येतं. साठ माणसांचं काय झालं हे शोधून वहीत भरायचं. त्या साठांत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. प्रत्येक मृत्यूच्या क्षणाआधी पडदा काळा होतो, फक्त आवाज ऐकू येतात आणि खाली शब्द उमटतात. मग तो क्षण गोठून समोर येतो आणि त्यात हवं तेवढं फिरता येतं. काहीच हलत नाही, हात पूर्ण मोकळे. नंतर या माणसाचं नाव काय, तो कसा मेला, कुणी मारला, हे क्रियापदांच्या यादीतून निवडून वाक्य जुळवायचं. तीन माणसांची माहिती बरोबर जमली की मगच गेम ती पक्की करतो, त्यामुळे ठोकून द्यायला वाव कमी. जहाजावरचे शब्द जुने आणि अवघड आहेत, पण गेममधल्या वहीतच त्यांची अर्थसूची दिलीय आणि उच्चारांच्या लकबीवरून कोण कुठल्या देशाचा हेही ओळखावं लागतं. दहा ओळींच्या कसोटीवर तो तिला थोडा जडच जातो. तरी मी दिला, कारण इथं क्रियापद चुकलं तर माणूसच चुकतो, आणि तिला आता तसंच काहीतरी हवं होतं.

काल रात्री तिचा फोन आला होता. एका खलाशाला सुरा लागला की भाला, यावर तिचं आणि तिच्या रूममेटचं वाजलं होतं. रूममेट नुसती बघत होती आणि तिचंच म्हणणं बरोबर होतं.